एर्टिगाला कोणता टायर स्वस्त पडेल: ४,६०० चा, ५,४०० चा की ६,८०० चा?

प्रश्न: माझी पेट्रोल एर्टिगा आहे, टायर १८५/६५ आर १५. नाशिक-मुंबई सतत जाणं-येणं, महिन्याला साधारण १,८०० किमी. मूळचे टायर ४६,८०० किमी चालले. गेजने मोजलं तर २.४ मिमी नक्षी उरलीय, न वापरलेल्या स्टेपनीवर ७.६ मिमी आहे. तीन भाव मिळालेत: ४,६००, ५,४०० आणि ६,८००. सगळ्यात महागवाला म्हणतो, लाखभर किलोमीटर जातील, वर पाच वर्षं वॉरंटी. एक जण म्हणतो १८५/६० घाला, स्वस्त पडेल. वडिलांच्या वॅगनआरलाही (१६५/७० आर १४) टायर हवेत, ती महिन्याला ४०० किमीच फिरते. दोन्ही गाड्यांना एकच चांगला महाग टायर घालू का? किलोमीटरमागे सर्वांत कमी खर्च कशात येईल?

उत्तर: स्टेपनी मोजलीत हे उत्तम केलंत. बावीस वर्षं टायरच्या दुकानात बसतोय, पण गिऱ्हाईक हा आकडा घेऊन आल्याचं क्वचितच पाहिलंय. सगळा हिशोब त्या दोन आकड्यांतून निघतो.

नवा टायर ७.६ मिमीचा होता, आता २.४ उरलाय. म्हणजे ५.२ मिमी रबर तुम्ही ४६,८०० किलोमीटरमध्ये झिजवलंत. भागाकार केला की मिलिमीटरला ९,००० किलोमीटर. हा तुमचा स्वतःचा दर. तुमची गाडी, तुमचा पाय, कसारा घाटातले तुमचे ब्रेक, गाडीत बसणारी माणसं, तुम्ही ठेवता ती हवा, हे सगळं त्यात आलं. दुकानदार सांगतो तो लाखाचा आकडा कुणा दुसऱ्याच्या गाडीचा असतो, आणि बऱ्याचदा तर कुणाच्याच गाडीचा नसतो.

आता गेज घेऊन तिन्ही दुकानांत जा आणि नव्या टायरची नक्षी मोजा. रुंद, लांब खाचेत मोजायचं, बारीक कापात नाही. खाचेच्या तळाशी ठिकठिकाणी छोटे उंचवटे असतात, त्यावर गेजची सुई ठेवू नका. ते झिजेची खूण दाखवायला ठेवलेले असतात आणि त्यांची उंची १.६ मिमी असते. नक्षी त्यांच्या बरोबरीला आली की टायर कायद्यानेही संपला. नवे टायर सगळे सारख्या खोलीचे असतात असं लोक समजतात, पण एकाच मापात ७ मिमीचाही मिळतो आणि साडेआठचाही. पैसे आपण रबराचे मोजतो, तर रबर किती आहे ते तरी बघावं.

समजा ४,६०० च्या टायरवर ७ मिमी, ५,४०० च्यावर ८ आणि ६,८०० च्यावर ८.२ निघाले. तुम्ही पावसाळ्यात घाट उतरता, म्हणून १.६ पर्यंत ताणायचं नाही. मी माझ्या नेहमीच्या गिऱ्हाइकांचे टायर अडीच-तीनला उतरवतो, कारण तिथून खाली ओल्या रस्त्यावर पाणी बाहेर फेकायची टायरची ताकद झपाट्याने कमी होते. हिशोबाला अडीच धरू. मग वापरण्याजोगं रबर उरतं अनुक्रमे साडेचार, साडेपाच आणि ५.७ मिमी. तुमच्या दराने पहिला ४०,५०० किमी जाईल, दुसरा ४९,५००, तिसरा ५१,३००.

खर्चात चार टायर धरा आणि वर बसवणं, नवे व्हॉल्व्ह, बॅलन्सिंग, अलाइनमेंट मिळून दोनेक हजार. पहिल्याचे होतात २०,४००, म्हणजे किलोमीटरला ५० पैसे. दुसऱ्याचे २३,६००, म्हणजे ४८ पैसे. तिसऱ्याचे २९,२००, म्हणजे ५७ पैसे. सगळ्यात स्वस्त टायर सगळ्यात स्वस्त पडला नाही, कारण त्यावर रबर कमी होतं आणि बसवायचा खर्च कमी किलोमीटरवर वाटला गेला. पण पहिल्या दोघांत फरक दोन-तीन पैशांचाच आहे, तेवढ्यावर वाद घालू नये.

तिसऱ्यावर मी इथे अन्याय केलाय, हे खरं. तिन्हींचं रबर सारखंच झिजतं असं मी धरलं, आणि रबर सारखं नसतं. कठीण मिश्रणाचा टायर हळू झिजतो. म्हणून प्रश्न उलटा विचारायचा: ६,८०० चा टायर ५,४०० च्या बरोबरीला यायला किती चालला पाहिजे? उत्तर येतं साधारण ६१,००० किमी. म्हणजे त्याने मिलिमीटरला ९,००० ऐवजी १०,७०० च्या आसपास द्यायला हवेत, वीस टक्के जास्त. हे होऊ शकतं, चांगल्या टुरिंग टायरांत होतंही. पण लाख किलोमीटर व्हायला त्याला मिलिमीटरला साडेसतरा हजार द्यावे लागतील, तुमच्या आजच्या दराच्या जवळजवळ दुप्पट. माझ्या दुकानात एर्टिगाच्या टायरांनी असं केलेलं मी पाहिलेलं नाही.

काही टायरांच्या बाजूवर टायर किती हळू झिजतो ते सांगणारा, ट्रेडवेअर म्हणून ३००, ३६०, ४२० असा आकडा कोरलेला असतो. ती अमेरिकेतली पद्धत आहे, १०० हा संदर्भाचा टायर धरून काढलेला. हा आकडा टायर बनवणारी कंपनी स्वतःच स्वतःला देते. त्यामुळे एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांत तुलना करायला तो कामाचा, दोन कंपन्यांत फारसा नाही. त्याला हजाराने गुणून किलोमीटर काढणारा विक्रेता भेटला तर चहा पिऊन परत या.

आता १८५/६० चं. हे मी ठामपणे नको म्हणेन, आणि कारण पैशाच्या आधीचं आहे. मापाच्या पुढे जो दोन आकडी अंक असतो तो एका टायरने किती भार उचलायचा ते सांगतो. तुमच्या १८५/६५ वर बहुधा ८८ असेल, म्हणजे ५६० किलो. १८५/६० सहसा ८४ चा येतो, म्हणजे ५०० किलो. सात माणसं आणि सामान भरून घाट चढणाऱ्या गाडीला टायरमागे साठ किलो कमी, हे मी माझ्या हाताने बसवणार नाही.

पैशाचीही त्यात एक गंमत आहे. १८५/६५ ची उंची येते ६२१ मिमीच्या आसपास, १८५/६० ची ६०३. म्हणजे टायर तीन टक्के लहान. तेवढंच अंतर कापायला तो जास्त फेरे घेतो आणि मीटर मोजतो फेरे. मीटरवर ५०,००० दिसतील तेव्हा गाडी खरी ४८,५०० चाललेली असेल. टायर जास्त गेला, ॲव्हरेजही वाढलं, असं वाटून माणूस खूश. उलट कुणी १९५/६५ घातला तर टायर दोन टक्के मोठा, मीटर कमी दाखवणार, आणि तोच माणूस ॲव्हरेज पडलं म्हणून गॅरेजला जाणार. माप बदललं की मीटरवरचा किलोमीटरमागचा हिशोब खोटा होतो. कंपनीने दिलेलं माप ठेवा, मग निदान मोजपट्टी तरी एकच राहील.

वॉरंटीकडे येतो, कारण तिच्या नावावर सगळ्यात जास्त पैसे मोजले जातात. पाच वर्षांची वॉरंटी म्हणजे टायर पाच वर्षं चालेल असा शब्द नव्हे. ती बनावटीतल्या दोषाची असते: थर सुटला, आतली तार उघडी पडली, दोषामुळे फुगा आला. खड्ड्यात आपटून आलेला फुगा, दगडाने गेलेला कट, कमी हवेवर पळवून जळलेली बाजू हे साध्या वॉरंटीत बसत नाही. आणि दोष मान्य झाला तरी नवा टायर फुकट नसतो, उरलेल्या नक्षीच्या प्रमाणात सूट मिळते.

तुमचा ५,४०० चा टायर ८ मिमीचा होता, आणि क्लेम केला त्या दिवशी ५.६ मिमी उरलाय असं समजा. १.६ च्या वरचं रबर मूळ ६.४ मिमी, त्यातलं ४ उरलं, म्हणजे साडेबासष्ट टक्के. ३,३७५ रुपये वजा होतील आणि २,०२५ तुम्ही भराल, बसवायचे वेगळे. त्यातही काही कंपन्या मुदत बिलाच्या तारखेपासून मोजतात, काही टायर बनल्याच्या तारखेपासून. कार्ड तिथेच उभं राहून वाचा.

किलोमीटरची वॉरंटी असेल तर ती कार्डावर छापलेली आहे का, एवढंच बघा. छापलेली असली तर बहुधा ठरावीक अंतराला टायर फिरवल्याची आणि अलाइनमेंटची बिलं मागतात. तोंडी लाख किलोमीटर म्हणजे दुकानदाराचा उत्साह.

यापेक्षा वेगळी, काही टायरांवर बिनशर्त म्हणून मिळते ती वॉरंटी. तिच्यात ठरलेल्या मुदतीपर्यंत किंवा ठरलेल्या झिजेपर्यंत कट आणि आपटलेला फुगाही धरतात. नाशिक-मुंबईवर पावसात हिला खरी किंमत आहे. किती? माझा अंदाज असा: त्या मुदतीत तुमच्यासारख्या चार गाड्यांत एकीचा एक टायर खड्ड्यात जातो असं धरलं, तर गाडीमागे सरासरी सव्वा-साडेतेराशे रुपये वाचतात. ४९,५०० किलोमीटरवर पसरले की अडीच-पावणेतीन पैसे. म्हणजे बिनशर्त वॉरंटीसाठी टायरमागे दोन-तीनशे रुपये जास्त द्यायला माझी हरकत नाही, चौदाशे द्यायला आहे. आणि वॉरंटी कोणतीही असो, बिलावर चारही टायरांचे सिरियल नंबर लिहून घ्या. माझ्या उमेदवारीच्या काळात एका गिऱ्हाइकाचा उघड उघड थर सुटलेला टायर क्लेममध्ये परत आला होता, कारण बिलावर नुसतं ‘टायर ४ नग’ असं लिहिलं होतं. लिहिणारा मीच होतो. बिलाशिवायचा स्वस्त भाव दिला तर तो नकोच. आणि जुन्या बिलाशी भाव ताडून बघणार असाल तर लक्षात ठेवा, सप्टेंबर २०२५ मध्ये टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. आजचा ५,४०० चा टायर जुन्या कराने ५,८५० च्या घरात होता. त्यामुळे जुन्या बिलापेक्षा चारशे रुपये कमी लावले म्हणून दुकानदाराचे उपकार मानायचं कारण नाही.

आता वडिलांची वॅगनआर, आणि इथे सगळा हिशोब उलटा होतो.

ती वर्षाला ४,८०० किमी चालते. रबर गाडी उभी असतानाही म्हातारं होतं, उन्हात उभी असेल तर जास्तच. पाच वर्षांनंतर दर वर्षी टायर नीट तपासायचा, आणि आपल्या उन्हात मी सहाव्या वर्षापुढे सहसा ठेवत नाही. बाजूवर बारीक भेगा दिसू लागतात, रबर नखाला दगडासारखं लागतं. सहा वर्षांत ही गाडी चालणार २८,८०० किमी. साधा ७ मिमीचा टायरही तुमच्या दराने चाळीस हजार जातो. म्हणजे नक्षी संपायच्या आधी टायरचं वय संपणार. जास्त चालणाऱ्या टायरला जे जास्तीचे पैसे द्याल ते किलोमीटर वडील कधी वापरणारच नाहीत. ३,६०० चा टायर घेतला तर चार टायर आणि बसवणं मिळून सोळा हजार, किलोमीटरला ५६ पैसे. ५,००० चा घेतला तर २१,६००, किलोमीटरला ७५ पैसे. दोघेही सहा वर्षांनी भंगारातच जाणार.

या गाडीला टायर निवडताना किलोमीटर विसरा. ओल्या रस्त्यावरची पकड आणि बनल्याची तारीख बघा. बाजूवर डॉट या अक्षरांनी सुरू होणारी ओळ असते, तिच्या शेवटी लांबट चौकटीत चार आकडे असतात. २३२५ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा. एका बाजूला ती ओळ अर्धीच असते, आकडे दिसले नाहीत तर टायर उलटा करायला सांगा. दीड वर्ष गोदामात पडलेला टायर वॅगनआरला घातलात तर तुमच्याकडे साडेचार वर्षं उरली, म्हणजे २१,६०० किमी. तोच सोळा हजारांचा खर्च आता किलोमीटरला ७४ पैसे झाला. ५६ वर परत यायचं तर दुकानदाराने टायरमागे हजार रुपये सोडायला हवेत, आणि तो सोडतो दोनशे.

पण तोच जुना माल तुमच्या एर्टिगाला चालतो. तुम्ही वर्षाला २१,६०० किमी काढता, टायर सव्वादोन-अडीच वर्षांत संपवाल. सावलीत, नीट उभा ठेवलेला आठ-दहा महिन्यांचा टायर सूट देऊन मिळत असेल तर खुशाल घ्या, त्याच्या म्हातारपणापर्यंत तुम्ही जाणारच नाही. वॉरंटी बिलापासून मोजतात ना, एवढं मात्र विचारून घ्या. साधारण वर्षाला आठ हजार किलोमीटर ही सीमा धरा. त्याच्या वर चालणाऱ्या गाडीचा टायर नक्षीने संपतो, खाली चालणाऱ्याचा वयाने.

एर्टिगाबद्दल आणखी दोन गोष्टी, कारण या तिन्ही टायरांच्या भावातल्या फरकापेक्षा मोठ्या आहेत. पहिली पेट्रोलची. लिटरला १०४ रुपये आणि १६ चं ॲव्हरेज धरलं तर तुम्ही किलोमीटरला साडेसहा रुपये जाळता. टायर जड फिरणारा निघाला आणि ॲव्हरेज दोन टक्के पडलं, तर किलोमीटरला १३ पैसे गेले. आपण इतका वेळ ज्या ९ पैशांवर बोलतोय त्याहून जास्त. म्हणून ६,८०० चा टायर हलका फिरणारा असेल, म्हणजे कंपनी तसं लिहून देत असेल किंवा त्याच्यावर इंधनबचतीचे तारे असतील, तर तो ५,४०० च्या बरोबरीला येऊ शकतो, कधी पुढेही जाईल. हा एक प्रश्न त्या दुकानदाराला नक्की विचारा. त्याच्या लाख किलोमीटरपेक्षा हे उत्तर मला जास्त ऐकावंसं वाटेल. आणि हवा कमी ठेवलीत तर कोणताही टायर जडच फिरतो. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो, त्यात रिकाम्या आणि भरलेल्या गाडीची हवा वेगवेगळी दिलेली असते. ती टायर थंड असताना भरायची.

दुसरी एका बाजूने खाण्याची. तुम्ही २.४ मिमी मोजलंत ते कुठे? मधल्या खाचेत असेल तर चाक पूर्ण वळवून आतली कडही मोजा. मध्ये चार मिमी आणि आतल्या कडेला दीड, असे टायर माझ्याकडे आठवड्याला एक-दोन येतात. बाहेरून बघणाऱ्याला टायर छान दिसतो. टायर मात्र सगळ्यात पातळ जागेला संपतो. ५,४०० चा टायर असा ३१,००० वरच उतरवावा लागला तर किलोमीटरला ७६ पैसे पडतात. दोन्ही कडा खाल्ल्या असतील तर हवा कमी होती. मधलाच पट्टा गेला असेल तर हवा जास्त. एकच कड गेली असेल तर अलाइनमेंट, किंवा चाकाच्या जोडणीतले खालचे रबरी बुश गेलेत. बुश सैल असताना अलाइनमेंट करून घेणं म्हणजे पाचशे रुपये हवेत सोडणं, पंधरा दिवसांत परत तेच. जुने टायर उतरवायच्या आधी ही झीज बघून घ्या. त्यात काही निघालं तर आधी ते दुरुस्त करा आणि मग नवे टायर घाला.

तेव्हा माझी निवड अशी: एर्टिगाला ५,४०० चा, माप तेच, ८८ किंवा वरचा भार-अंक बघून. ६,८०० वाला हलक्या फिरण्याबद्दल काही लेखी दाखवू शकला तरच त्याचा विचार. वॅगनआरला साधा टायर, पण गेल्या दोन-तीन महिन्यांत बनलेला, मिळत नसेल तर आठवडाभर थांबून मागवलेला. दोन्हींवर आयएसआयची खूण असायला हवी. बसवल्याच्या दिवशीच चारही टायरांची नक्षी आणि मीटरचा आकडा बिलाच्या मागे लिहा. दहा हजारांनी पुढचे-मागचे टायर बदलून घ्याल तेव्हा परत मोजा. पहिल्या हजार-दोन हजारांत नवी उंच नक्षी जरा जास्त झिजते, त्यामुळे पहिला आकडा थोडा वाईट आला तर घाबरू नका. वीस हजारांनंतरचा खरा धरा, आणि तो मिलिमीटरला नऊ हजारांच्या बराच खाली आला तर टायरला शिव्या घालण्याआधी आतली कड बघा.